समेवरचा घेर

कार्यक्रमाच्या स्मरणिकेत नर्तकीचं चित्र किती लहान छापलं जातं, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ए-फाइव्ह आकाराच्या पानावर डोक्यापासून घुंगरांपर्यंत पूर्ण आकृती बसवली, की चेहऱ्याच्या वाट्याला उंचीत दोनेक सेंटिमीटर येतात आणि डोळ्याच्या वाट्याला तीन मिलिमीटर. आरशासमोर तासभर बसून केलेली रंगभूषा त्या तीन मिलिमीटरमध्ये टिकवायची, आणि ते चित्र निव्वळ फोटो न ठेवता रेषा-रंगांत उतरवायचं, हे माझं आवडतं काम. साधनं बदलत गेली, तरी त्यातला प्रश्न माझ्या लहानपणापासून एकच राहिला आहे : काय गाळायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

हा प्रश्न मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, मामाच्या ब्लॉकच्या कारखान्यात. तेव्हा स्मरणिका खिळ्यांच्या छपाईवर निघत आणि कागद साधा, खरखरीत असे. अशा कागदावर फोटो छापायचा तर हाफटोन ब्लॉकची जाळी जाड ठेवावी लागे, इंचाला पासष्ट रेघांची. जाळी त्याहून बारीक केली की ठिपक्यांमध्ये शाई भरून सगळं काळं होई. आता अर्ध्या इंचाचा चेहरा घेतला तर त्यात आडवे बत्तीस ठिपके. डोळ्याला त्यातले सहा-सात. लावणी कलावंतिणीच्या नथीतले मोती, कपाळावरची चंद्रकोर, काजळाची लांबवलेली रेघ, यातलं काहीच सहा ठिपक्यांत मावत नाही. म्हणून मामाकडचे चित्रकार फोटोवरून रेखाचित्र करत आणि त्याचा लाइन ब्लॉक निघे. तो स्वस्तही पडे.

त्यांची पद्धत मला आजही अतिशय शहाणपणाची वाटते. फोटोची एक फिकट प्रत मॅट ब्रोमाइड कागदावर काढायची. त्या प्रतीवरच पाण्याने न विरघळणाऱ्या काळ्या शाईने चित्र काढायचं. शाई पूर्ण वाळली की तो कागद पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपोच्या पिवळट द्रावणात सोडायचा. थोड्या वेळात फोटोतली चांदी विरघळून जाई आणि पांढऱ्या कागदावर फक्त शाईची रेघ उरे. जे रेखलं तेवढंच राहिलं. जे रेखायचं राहून गेलं ते कायमचं गेलं. त्यामुळे कागद द्रावणात सोडण्याआधी चित्रकार बराच वेळ नुसतं पाहत बसत. नऊवारीच्या चुण्या शेकड्याने दिसत, पण ते दोनच रेषा पक्क्या धरत : काष्ट्याचा काठ पायांमधून कसा मागे गेला आहे, आणि पदर डाव्या खांद्यावरून कसा उतरला आहे. काष्ट्याच्या काठावरून कळतं की कलावंतिणीने कुठल्या पायावर भार दिला आहे आणि कंबर कुठे वळवली आहे. बाकीच्या चुण्या चार-सहा रेघांत आटोपत. वेषातल्या काही रेघा केवळ कापडाच्या असतात आणि काही शरीराची ठेवण सांगणाऱ्या असतात, हा भेद मी तिथे शिकले.

पुढे उपयोजित कला शिकताना अंधाऱ्या खोलीत लिथ फिल्म हाती आली. ही फिल्म करडा रंग जाणत नाही. काळं किंवा पांढरं, एवढंच तिला ठाऊक. एकाच फोटोच्या कमी-मध्यम-जास्त प्रकाश दिलेल्या तीन फिल्म करायच्या आणि त्या एकावर एक नेमक्या जुळवून छापायच्या, की फोटोचे मोजके सपाट थर होतात. त्या काळातल्या पोस्टरांवर हा परिणाम खूप दिसे. नृत्याच्या फोटोवर तो करू लागले तेव्हा गतीचा प्रश्न समोर आला. स्थिर पायाची कड एका फिल्मवरही स्वच्छ येई. हललेली ओढणी मात्र कमी प्रकाशात अख्खी नाहीशी होई आणि जास्त प्रकाशात दगडासारखी घट्ट दिसे. कारण हललेल्या वस्तूला कड नसतेच, असतो तो गडदाकडून फिक्याकडे जाणारा उतार. तो उतार दाखवायला किमान तीन-चार पायऱ्या लागतात. तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की आहे : चेहरा दोन छटांतही उभा राहतो, पण गतीला चार लागतात.

आज हे सगळं संगणकावर होतं आणि एका बटनात फोटोचं तैलचित्र करणारे फिल्टरही आहेत. पण फिल्टर अख्ख्या फोटोला एकाच नियमाने वागवतो. त्याला काजळाची रेघ आणि मागच्या पडद्यावरची सुरकुती सारखीच. हललेल्या कापडात कड सापडली नाही, की तो तिथल्या दाण्यांतून खोट्या कडा तयार करतो आणि घेराच्या जागी कुरळे फराटे उमटतात.

अलीकडेच पुण्यातल्या एका कथक नर्तकीच्या रंगमंचप्रवेशाची स्मरणिका केली. रोहिणीताई भाटे यांनी 1947 मध्ये इथे नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून या शहरात कथक जाणणारा प्रेक्षक तयार होत गेला आहे. स्मरणिका चाळणाऱ्यांत निम्म्या जणी स्वतः नाचलेल्या असतात, त्यामुळे चित्रातलं खोटं त्यांना लगेच दिसतं.

पहिलं काम फोटो निवडण्याचं. गिरक्यांचे पुष्कळ फोटो होते. ऐन गिरकीतल्या फोटोत चेहराही फिरलेला, म्हणून तो निरुपयोगी. अगदी स्थिर फोटोत घागरा लोंबलेला. मी निवडला तो समेवरचा. समेवर शरीर थांबतं, पण कापड लगेच थांबत नाही. सेकंदाचा साठावा भाग उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यात चेहरा आणि हात स्वच्छ येतात, आणि तेवढ्यात घेराची किनार चार-पाच सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. छापील पानावर तो अर्धा सेंटिमीटर होतो. आपल्याला दिसणारी गती तेवढ्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये असते.

इथे घागऱ्याच्या चुण्या नीट वाचाव्या लागतात. गिरकी चालू असताना कंबर पुढे असते आणि किनार मागून येते, म्हणून चुण्या फिरण्याच्या उलट दिशेला वळलेल्या दिसतात. समेवर कंबर थांबते आणि किनार पुढे निघून जाते. तेव्हा त्याच चुण्या फिरण्याच्या दिशेला झुकतात. चित्र करताना कुणी त्या सरळ केल्या, तर नर्तकी उभी राहून घागरा झटकते आहे असं वाटेल. उलट्या वळवल्या, तर सम यायची राहिली आहे असं दिसेल. मांडणीच्या सोयीसाठी फोटो आरशातल्यासारखा उलटा करणंही म्हणूनच वर्ज्य. डाव्या टाचेवरची गिरकी उजव्या टाचेवर जाते, आणि लावणीच्या चित्रात तर नथही नाकाच्या भलत्या बाजूला येते.

मग मी चित्राचे तीन भाग वेगळे मास्क केले : चेहरा व हात, स्थिर वेष, आणि हललेला घेर. छटा कमी करण्याआधी फोटो करडा करून घेतला, कारण रंगीत फोटोवर `Posterize` थेट चालवलं तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे तुटतात आणि गालावर हिरवट-गुलाबी डाग पडतात. करड्या छटांचे थर आधी करायचे, रंग नंतर मूळ वेषाकडे पाहून भरायचे. बारीकसारीक तपशील पुसायला `Median` वापरलं. इंचाला तीनशे पिक्सेलच्या फाइलमध्ये काजळाची रेघ चार-पाच पिक्सेल जाड होती. वेषावर सहा पिक्सेलची त्रिज्या छान बसत होती, पण तीच चेहऱ्यावर दिली असती तर काजळ पूर्ण पुसलं गेलं असतं. म्हणून चेहऱ्यावर एकच पिक्सेल ठेवला आणि भुवया, काजळ, टिकली व ओठांची कड वरच्या थरावर हाताने रेखली. घेराला मात्र एकही बाह्यरेषा दिली नाही. तिथे चार छटांचे पट्टे ओढले, सगळे सरकण्याच्या दिशेने. किनारीशी ते सर्वांत लांब आणि कमरेकडे आखूड होत गेलेले, कारण कमरेपासून जितकं लांब तितका कापडाचा वेग जास्त. जरीचा काठ हलल्यावर एकमेकींना समांतर अशा उजळ रेघा सोडतो. त्या जशाच्या तशा ठेवल्या.

काळ्या रेघांचा थर मी फक्त काळ्या शाईत पाठवते. चार रंग मिसळून केलेलं काजळ पडद्यावर दाट दिसतं, पण छापताना रजिस्टर दशांश मिलिमीटरने सरकलं तरी डोळ्याला लाल किंवा निळी कड येते, आणि एवढ्याशा डोळ्यात ती लपत नाही.

एका ठिकाणी मात्र कुठलंच कौशल्य पुरत नाही. हल्ली रंगमंचावर गडद निळे एलईडी दिवे सर्रास लावतात. त्या प्रकाशात लाल रंग काळा पडतो. कुंकू, ओठ, बोटांवरचा अल्ता सगळं एकाच काळ्या डागात जातं, आणि फोटोत जी माहिती उतरलीच नाही ती नंतर अंदाजाने भरली तर ती रंगभूषा त्या नर्तकीची राहत नाही. म्हणून आयोजकांना माझं सांगणं असतं की रंगीत तालमीत, पूर्ण वेषात, दहा मिनिटं साधा पांढरा प्रकाश द्या आणि स्मरणिकेचे फोटो तेव्हाच काढा.

आणि छपाईला जाण्याआधी चित्र नर्तकीला दाखवा. चित्र सुंदर झालं आहे का, हे तिला विचारू नका. ही गिरकी कुठल्या बाजूची आणि सम आली की यायची आहे, एवढंच विचारा. तिने क्षणात बरोबर सांगितलं तर चित्र छापायला द्या. तिला विचार करावा लागला, तर मूळ फोटोच छापलेला बरा.