‘आम्ही’मधला ‘मी’

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जात नेतृत्व, संबंधबांधणी, अभ्यासक्रमाची निवड आणि भावी कार्य यांवर स्वतंत्र उत्तरे लिहावी लागतात. परीक्षक प्रत्येक उत्तर त्या-त्या निकषावरच तपासतो. जे कागदावर नाही, त्याला गुण देता येत नाहीत. आपली मुले मागे पडतात ती इथेच.

एका माजी विद्यार्थिनीने नेतृत्वाच्या उत्तरात लिहिले होते, ‘आम्ही वस्तीत अभ्यासिका उभी केली.’ चळवळीत वाढलेल्याच्या तोंडी हा ‘आम्ही’ शोभतो, पण परीक्षकाला त्यात तिचा वाटा सापडत नाही. मी तिला प्रत्येक वाक्यासमोर, ते कोणत्या निकषासाठी आहे, हे समासात लिहायला सांगितले. गरिबीच्या वर्णनाच्या ७ ओळींसमोर समास कोराच राहिला. त्यांतल्या २ तिने ठेवल्या आणि उरलेल्या जागेत घडलेले लिहिले : विहाराची खोली संध्याकाळी मिळावी म्हणून ती पंचमंडळाला ३ वेळा भेटली, मुलींनी रात्री बसण्यास हरकत घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना तिने राजी केले, आणि १२ मुले रोज अभ्यासाला बसू लागली. ‘नेतृत्व’ हा शब्द मात्र आता कुठेही नव्हता. मग तिला न ओळखणाऱ्या एका सहकाऱ्याला मी प्रश्न झाकून ते उत्तर वाचायला दिले. निकष त्यांनी लगेच सांगितला.