मनी वाटीभोवतीची फरशी का उकरते?

गणपती गेले आणि दोनच दिवसांत एक करडी मांजर आमच्या पडवीत येऊन बसली, ती राहिलीच. आमच्या घरात याआधी कुठलंच जनावर नव्हतं, त्यामुळे मांजरीचं काहीच मला ठाऊक नव्हतं. मिरकरवाड्यावरून आणलेला बांगडा उकडला, मीठ-हळद न घालता, एकेक काटा काढून वाटीत तिच्यापुढे ठेवला. तिने निम्मा खाल्ला. मग वाटीकडे तोंड करून उजव्या पंजाने शहाबादी फरशी खरवडायला लागली. बाहेरून वाटीच्या दिशेने तीन-चार फराटे, मग वास घेणं, जरा बाजूला सरकून पुन्हा फराटे. तिथे माती नव्हती की पान नव्हतं, पण ती मात्र मन लावून काहीतरी झाकत होती.

विष्ठेवर माती ओढताना मी तिला परसात पाहिलं होतं. हालचाल अगदी तीच. शेजारच्या काकूंनीही पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, तिला ते घाण वाटतंय. नाक मुरडत्ये ती." मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी दही-भात दिला, तो तिने नुसता हुंगला. मग दुकानातलं कोरडं खाद्य आणलं. ते खाल्लं, आणि उरलेल्या दाण्यांभोवती परत खरवड. नावड हेच कारण असेल, तर आधी खाल्लं का? हे मला उलगडेना.

शेवटी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी दोनच गोष्टी विचारल्या: खरवडते ती खाण्याआधी की नंतर? आणि पुढच्या वेळी नीट खाते का? नंतर, आणि हो, खाते, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग ती तक्रार करत नाहीये. उरलेलं लपवत्ये."

त्यांनी समजावलं ते असं. घरमांजर मूळची आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरीच्या वंशातली. ही एकटीने शिकार करणारी जात, आणि अंगाने लहान. उंदीर-पाखरं मारून दिवसभरात थोडं थोडं, बरेच वेळा खाणारी. मांस उघडं राहिलं की त्याच्या वासावर तिच्याहून मोठं जनावर येणार. ते घास तर पळवेलच, पण तिचाही माग काढेल. म्हणून वास दाबायचा. अमेरिकेतला प्यूमा हरीण मारतो तेव्हा पोटभर खाऊन उरलेल्यावर पाला, काटक्या, माती ओढतो आणि पुढचे काही दिवस तिथे परत येतो. आपल्याकडचा बिबट्या शिकार ओढत झुडपात नेतो, तोही आडोशासाठीच. मांजरीला हे कोणी शिकवावं लागत नाही. आईविना बाटलीच्या दुधावर वाढलेली पिल्लंही असंच करतात.

पण फरशीवर माती नाही, हे तिला कळत नाही का? यासाठी मी तिला चार दिवस बारकाईने पाहिलं. फराट्यांच्या मधे ती दर वेळी नाक खाली नेते. वास अजून येतोय का, हेच तपासत असावी. फरशीवर वास तसाच राहतो, म्हणून खरवड लांबत जाते, असं मला वाटतं. पडताळायला पाचव्या दिवशी वाटी परसात आंब्याखाली ठेवली. खाऊन झाल्यावर तिने सुकलेली पानं ओढली, वाटीची एक बाजू झाकली गेली, वास घेतला आणि निघून गेली. सगळं मिळून चार-पाच फराटे. मात्र त्या घासाकडे ती परत फिरकली नाही. तासाभरात पानांखाली मुंग्यांची रांग लागली होती.

उरतं म्हणून ती झाकते, तर उरूच द्यायचं नाही. अख्खा बांगडा एकदम देण्याऐवजी आता दिवसाचं खाणं चार वाटे करून देते. पंधरा-वीस मिनिटांत संपलं नाही तर वाटी उचलते, धुते आणि जागा पुसते. वाटीजवळ कापड किंवा सुतळी ठेवत नाही. तेही ती वाटीवर ओढायला बघते, आणि दोरा गिळला तर आतड्यात अडकतो.

डॉक्टरांनी एका गोष्टीबद्दल मात्र बजावलं. खाण्याआधीच खरवडून पाठ फिरवली, लाळ गळतेय, ओठ चाटतेय, एकाच बाजूने चावतेय, तर ते लपवणं नव्हे. मळमळ किंवा दातदुखी असू शकते. आणि मांजर काही दिवस उपाशी राहिली की तिच्या यकृतात चरबी साठते, जाड मांजरीत तर हे फार लवकर होतं. म्हणून पूर्ण दिवस तोंडात काही गेलं नाही तर वाट न बघता तिला आणायचं.

काल संध्याकाळी उकडलेली मांदेली दिली. तिने वाटी चाटून लख्ख केली, वास घेतला, उजवा पंजा एकदाच फरशीवरून ओढला आणि उंबऱ्यावर जाऊन तोंड पुसत बसली.