शस्त्रक्रियेचा दाखला

'शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र जोडून अर्ज पुन्हा सादर करावा,' असा जो एका ओळीचा शेरा 2022 साली माझ्या अर्जावर उमटला, त्याची बोच अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही. कारण ज्या कागदाची त्यात मागणी होती, तो कागद त्या अर्जाला लागतच नव्हता, आणि तो लागत नाही असे ज्या नियमांत लिहिलेले होते, त्याच नियमांखाली ते दफ्तर माझा अर्ज चालवीत होते.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. जन्माच्या वेळी माझी नोंद मुलगी म्हणून झाली. आपण मुलगी नाही हे मला कळत्या वयापासून ठाऊक होते, आणि तिशी उलटल्यावर मी पुरुष म्हणून राहू लागलो. एवढी पूर्वपीठिका पुरे.

राहू लागलो याचा अर्थ असा, की केस कापले, सदरा-विजार घालू लागलो, छाती सपाट दिसावी म्हणून आतून घट्ट बाइंडर बांधू लागलो आणि नवे नाव घेतले. आईने पहिले काही महिने नावच टाळले. पुढे एका सकाळी स्वयंपाकघरातून तिने 'अरे, चहा निवतोय' अशी हाक मारली, आणि त्यानंतर ती कधी चुकली नाही. महाविद्यालयात प्राचार्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांनी 'मॅडम'चे 'सर' केले. या कशालाही वैद्याची चिठ्ठी लागली नाही की सरकारी मोहोर लागली नाही. हजेरीपटावर मात्र जुने नाव कायम राहिले, आणि रोज सकाळी त्या नावासमोर सही करून मी ग्रंथालयाचे कुलूप उघडीत असे.

संप्रेरकांचे उपचार मी त्यानंतर बऱ्याच काळाने सुरू केले. प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे काही बैठका झाल्या, त्यांच्या पत्रावरून अंतःस्रावतज्ज्ञांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, आणि मग ठराविक आठवड्यांच्या अंतराने टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन चालू झाले. डॉक्टरांनी आरंभीच एक गोष्ट बजावली, ती प्रत्येकाने ऐकून ठेवावी अशी आहे. औषध थांबवले तर मासिक पाळी बहुधा परत येते, शरीरावरील चरबीची ठेवण पुन्हा पालटू शकते. परंतु फुटलेला आवाज आणि उगवलेली दाढी माघारी जात नाही. म्हणून जे परत फिरणारे आहे आणि जे फिरणारे नाही त्यांचा हिशेब आधी मांडावा. पुढे माझ्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढत गेले; ते 54 टक्क्यांच्या पलीकडे गेल्यास रक्तात गुठळी होण्याचे भय असते, म्हणून डॉक्टरांनी मात्रा कमी करून इंजेक्शनांमधील अंतर वाढवले आणि तपासण्या नियमित केल्या. छातीच्या शस्त्रक्रियेविषयी मी अद्याप निर्णय घेतलेला नाही. तो घेण्याची घाई मला नाही, आणि कधीच न घेतल्यास माझ्या पुरुषपणात काही उणे राहील असे मला वाटत नाही.

माझ्या ओळखीत ही पावले निराळ्या क्रमाने टाकणारे लोक आहेत. माझी एक स्नेही आपल्या गुरूंच्या घरात गेली कित्येक वर्षे स्त्री म्हणून राहते. तिने कधी एकही गोळी घेतली नाही, पण शिधापत्रिकेच्या कामासाठी ओळखपत्र मात्र आधी काढले. पुण्यात नोकरी करणारा एक तरुण इंजेक्शने घेतो, घरी कुणाला काही सांगत नाही, कागदपत्रांना त्याने हातही लावलेला नाही, आणि त्याला ते तसेच ठेवायचे आहे. कुणी केवळ नाव बदलून थांबतो आणि तेवढ्यावर त्याचे समाधान असते. समाजात वावरणे, देहावर उपचार करणे आणि सरकारदरबारी नोंद पालटणे ही तीन स्वतंत्र कामे आहेत. त्यांतील एक केल्याने दुसऱ्याचे बंधन येत नाही, आणि एक न केल्याने दुसऱ्याचा हक्क जात नाही.

ही माझ्या पदरची कल्पना नव्हे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रकरणात 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि तिच्या नोंदीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरवले. पुढे 2019 चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला आणि 2020 साली त्याखालचे नियम आले. नियमांच्या आरंभीच्या मसुद्यात मानसतज्ज्ञाच्या अहवालाची अट होती. ती हरकतींनंतर गळाली. माझ्या अर्जाच्या वेळी लागू असलेल्या नियमांप्रमाणे अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा, स्वतःच्या ओळखीचे प्रतिज्ञापत्र जोडायचे, त्या जिल्ह्यात बारा महिन्यांचा रहिवास असायचा. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कोणतीही वैद्यकीय वा शारीरिक तपासणी न करता, केवळ प्रतिज्ञापत्राच्या आधारे तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचे. मी हे सर्व केले, आणि उत्तरादाखल तो शेरा आला.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी त्या दफ्तरात गेलो. दुपारची वेळ होती, बाकावर दाखल्यांसाठी आलेली माणसे बसलेली होती. टेबलावरील गृहस्थांनी माझा अर्ज उघडून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "ऑपरेशन झालंय का तुमचं?"

"या अर्जाला ते लागत नाही," मी म्हणालो.

"लागत नाही कसं? मग आम्ही काय बघून दाखला द्यायचा?"

"माझं प्रतिज्ञापत्र बघून."

"असं कुणीही येऊन लिहून देईल. तुम्ही सिव्हिलला जा, तिथनं लिहून आणा."

बाकावरची एक वृद्ध बाई माझ्याकडे पाहत होती, एक मुलगा खाली मान घालून हसत होता; आणि माझ्या कपड्यांच्या आत काय आहे हा प्रश्न ज्यांना तो विचारण्याचा कोणताही अधिकार नव्हता अशा माणसांपुढे त्या खोलीत मांडला गेला होता. मी आवाज चढवला नाही, कारण आवाज चढवला असता तर दाखला राहिला बाजूला आणि माझी वर्तणूक हाच विषय झाला असता. मी जिल्हा रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टर सभ्य होते. माझे म्हणणे ऐकून ते म्हणाले, "शस्त्रक्रिया झालेली नाही, तर ती झाली असं मी कसं लिहू? आणि झाली नाही असं लिहिलं, तर त्यांचा शेरा पुरा होईल का?" त्यांनी काही लिहिले नाही, आणि ते योग्यच झाले. ज्या दाखल्याची मागणी झाली तो सत्याला धरून कुणीही देऊ शकत नव्हते. आणि जो देता आला असता, म्हणजे माझ्या संप्रेरकोपचारांचा, तो दिल्याने पुढच्या अर्जदाराकडे तोच मागण्याची वहिवाट पडली असती.

म्हणून मी एक निवेदन लिहिले. त्यात नियमांतील विनातपासणीचे वाक्य जसेच्या तसे उतरवले, माझा अर्ज कोणत्या कलमाखाली आहे ते स्पष्ट केले, आणि अर्ज नाकारायचा असल्यास लेखी व सकारण नाकारावा, म्हणजे मला नव्वद दिवसांच्या मुदतीत अपील करता येईल, असे नम्रपणे विनवले. निवेदनाची पोच घेतली. लेखी कारण द्यावे लागेल हे दिसताच प्रकरण वरिष्ठांकडे गेले आणि काही आठवड्यांनी प्रमाणपत्र निघाले. येथे अर्जदारांना एक सांगावेसे वाटते. त्या वेळच्या नियमांखालील पहिल्या अर्जाला रुग्णालयाचा कोणताही कागद, असला तरी, जोडायचा नव्हता. जोडलेला कागद पाहणाऱ्याला वाटते, की तो आवश्यकच होता. तोंडी नकार ऐकून परत फिरू नये. पोच आणि सकारण उत्तर मागावे.

त्या टेबलावरील गृहस्थांचा मला कित्येक दिवस संताप होता. परंतु नंतर मी मूळ कायदा ओळ न् ओळ वाचला तेव्हा त्यांचा घोटाळा कोठून आला ते दिसले. त्या वेळच्या सहाव्या कलमाखाली 'ट्रान्सजेंडर' असे प्रमाणपत्र मिळे, त्याला वैद्यकीय कागद लागत नसे. सातव्या कलमाखाली 'पुरुष' अथवा 'स्त्री' असे सुधारित प्रमाणपत्र मिळे, आणि ते कलम शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या अधीक्षकांचे वा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र मागत असे. माझ्या अर्जावर त्यांनी सातव्याची अट सहाव्याला लावली होती. हे समजल्यावर माझा राग त्यांच्यावरून उठून कायद्यावर बसला. कारण न्यायालयाने 2014 साली पुरुष, स्त्री वा तृतीयलिंगी यांपैकी जी ओळख माणूस सांगेल तिला मान्यता द्यावी असे म्हटले, आणि कायद्याने त्यांतील एकच माझ्या शब्दावर दिली, उरलेल्या दोन्ही शल्यचिकित्सकाच्या हाती ठेवल्या. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातील भादली येथील एका पारलिंगी स्त्रीला महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू दिली आणि तिची स्वतः ठरवलेली ओळख मानली. म्हणजे ती ओळख मानता येते, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालेले आहे.

प्रमाणपत्र हाती आले त्या दिवशी मी ते आईला वाचून दाखवले, आणि मला आनंद झाला होता, हे मी नाकारीत नाही. त्याच्या बळावर हजेरीपट, बँक आणि आधारवरील नाव पालटले. परंतु त्यावरील लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' नाही, 'ट्रान्सजेंडर' आहे, आणि जसजसे दिवस जातात तसतसे ते मला खुपू लागले आहे. माझ्या त्या स्नेहीला तोच शब्द अभिमानाचा वाटतो, तिला दुसरा नको आहे. तिचेही बरोबर आहे.

आमच्या परिचयातील एक वकील तेव्हा म्हणाले, की सातव्या कलमाखाली अर्ज करावा, कारण 2020 च्या नियमांतील व्याख्येत वैद्यकीय हस्तक्षेप म्हणजे समुपदेशन आणि संप्रेरकोपचारही येत होते. कलमाचा शब्द आणि नियमाची व्याख्या यांतील अंतर आपल्याला उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. युक्तिवाद सबळ होता. तरी तो अर्ज केला असता तर रुग्णालयाचा कागद मीच आपल्या हाताने पुढे केला असता, आणि माझे पुरुष असणे डॉक्टरांच्या सहीवर ठरते हे मान्य केले असते. पुण्याच्या त्या तरुणाने उद्या मला विचारले, तर मी त्याला बिनदिक्कत सांगेन की नोकरीसाठी, पासपोर्टासाठी, घरभाड्याच्या करारासाठी जो कागद मिळेल तो घ्यावा, तत्त्वाचा भार एकट्याने वाहू नये. हाच सल्ला मला स्वतःला मात्र अजून पटलेला नाही.