बाळाची गोधडी झाली एकदाची!

फोटोत मधोमध जो उंचवटा दिसतोय तो कॅमेऱ्याचा दोष नाही. तो झोळ आहे आणि तो मीच घातलाय.

भाचीला सातवा लागला तेव्हा गोधडीला हात घातला. बाळ आता पालथं पडून पुढे सरकतं. पण झाली! तीन फूट बाय चार फूट, सगळी हातशिलाई. आत आईचं जुनं सुती नऊवारी आहे. एकाच लुगड्यात चार थर निघाले. पाचवा घालणार होते, पण चारातूनच सुई ओढताना बोटं दुखायला लागली.

कडेला टाचण्या लावून मी थेट धावदोरा सुरू केला. कडेकडेने एक फेरा, मग त्याच्या आत दुसरा, असं मध्याकडे जायचं. पहिले फेरे इतके सरळ आले की मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. पण प्रत्येक फेऱ्याबरोबर वरचा थर थोडा थोडा आत सरकत होता. ते सगळं जास्तीचं कापड मध्यात येऊन फुगलं. तिथून त्याला बाहेर जायला वाट नाही, कारण चारही बाजू शिवून झालेल्या.

शेजारच्या काकूंनी गोधडी उलटसुलट केली आणि विचारलं, "कच्चे टाके कुठायत?" नव्हतेच. निम्मी गोधडी उसवली. फरशीवर सगळे थर पसरले, तळहाताने मधून कडेकडे सपाट केले आणि मधूनच बाहेर लांब कच्चे टाके घातले, वीतभर अंतराने, उभे आणि आडवे. धावदोरा त्यानंतर. पक्की शिलाई पुढे सरकेल तसे कच्चे टाके काढायचे. एवढं करूनही बाहेरचे फेरे तसेच ठेवल्यामुळे थोडा झोळ उरलाच. पुन्हा उसवायची माझ्यात ताकद नव्हती.

डाव्या कोपऱ्यातलं गुलाबी ठिगळ मुळात पांढरं होतं. शेजारच्या लाल खणाने धुण्यात रंग सोडला. कुणीतरी सांगितलं म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. खण शिवण्याआधीच ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहायला हवा होता. फडकं लाल झालं असतं, तर मी तो लावलाच नसता. आता बघणाऱ्यांना ते गुलाबी मुद्दाम घेतल्यासारखं वाटतं. मीही तसंच सांगते.

गाठी सगळ्या आतल्या थरांत लपवल्यात, बाळाच्या अंगाला टोचणार नाहीत. वहिनी म्हणाली, झोळावर एक फूल शिव, झाकलं जाईल. मी नाही म्हटलं. बाळ नेमकं तो फुगवटा मुठीत धरून गोधडी ओढतं. धुताना मात्र गार पाणी घ्या आणि ती वेगळी धुवा. खणाचा अजून भरवसा नाही.