पुस्तकं की सतरंजी?

मेहकरच्या एका निवृत्त गुरुजींना नव्या घरात जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची भिंत आणि तिला लागून खिडकीपाशी वाचायची बैठक हवी होती. सुताराला काम देण्याआधी मी ब्लेंडरमध्ये चित्रं करून दाखवली. अख्खी भिंत पाहून ते खूश झाले. बैठकीचं जवळून घेतलेलं चित्र पुढे केलं, तर म्हणाले, "काय रे भाऊ, हे पुस्तकं हायेत का सतरंजी?"

चूक हिशेबाची होती. फळ्यांवर पुस्तकं नव्हतीच. पुस्तकांच्या रांगेचा 1024 पिक्सेल रुंदीचा फोटो चार फुटांच्या फळीवर चिकटवला होता. म्हणजे इंचाला 21 पिक्सेल. बारा फुटांची भिंत 1920 पिक्सेलच्या चित्रात बसवली की इंचाच्या वाट्याला 13च येतात, म्हणून दुरून ते खपलं. बैठकीच्या चौकटीत जेमतेम 30 इंच मावत होते. तिथे इंचाला 64 पिक्सेल हवेत. एकेक पिक्सेल तिप्पट ताणला गेला आणि कण्यांचे पट्टे झाले. तोच फोटो धारदार करत बसलो, तो निव्वळ वेळ वाया. फोटोत नसलेली अक्षरं येणार कुठून?

मग गुरुजींचीच पुस्तकं सावलीत ठेवून एकेक कणा समोरून टिपला. इंचाला 100 पिक्सेल धरले, तर साडेआठ इंच उंचीच्या डेमी पुस्तकांच्या चार रांगा 4096 पिक्सेलच्या एका चौकोनात बसतात. पुस्तकं मात्र खरी घनाकृती केली. पुठ्ठा बांधणीत पुठ्ठा पानांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे ठेवला, कारण पानांवर पडणारी ती बारीक सावलीच डोळ्याला पटते. दुरून तर नावं वाचताच येत नाहीत. तिथे उंचीतला चढउतार आणि वरच्या फळीखालचा अंधारच पुस्तकपण सांगतो.

इथे पुन्हा घसरलो. विविधता हवी म्हणून प्रत्येक पुस्तक मनमानी कलतं केलं, तर ती एकमेकांत घुसली. घरात पुस्तक कलतं ते शेजारी जागा असली तरच, आणि टेकतं ते शेजाऱ्यावर. मराठी विश्वकोशाचे 20 खंडही मी फळीफळीवर विखरून टाकले होते. तेवढं गुरुजींनी लगेच पकडलं. ते एका उंचीत, सलग, खालच्या मजबूत फळीवरच शोभतात.

शेवटी वेळ वाचवायला सॅम्पल कमी ठेवले आणि दाणे पुसायचं काम डिनॉइझरवर सोडलं. त्याने दाण्यांबरोबर वेलांट्या आणि अनुस्वारही पुसले. सॅम्पल वाढवून Denoise च्या Passes मध्ये Albedo and Normal निवडल्यावर अक्षरं टिकली, कारण मग त्याला कण्यावरचा मूळ रंग वेगळा दिसतो. वरच्या फळ्यांवरच्या कण्यांना मी अजूनही नावं घालत नाही. बैठकीच्या चौकटीत त्या येतच नाहीत.