रिफंडचा तेवीस आकडी नंबर

ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केली की काही दिवसांनी अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत 'रिफंड पूर्ण' असं दिसतं. त्याचा अर्थ दुकानदाराने पैसे पाठवले, इतकाच. ते तुमच्या खात्यात पोहोचले की नाही, हे त्या अ‍ॅपला माहीतच नसतं. मार्चमध्ये सतरा दिवस मी या दोन गोष्टींमधल्या फटीत अडकलो होतो, आणि पैसे माझे नव्हते.

आमच्या नळदुर्गच्या मोहल्ल्यात एक खाला शिवणकाम करतात. त्यांनी शिलाई मशीनसाठी ६,४८० रुपये रोख माझ्या हातात दिले आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी मी माझ्या डेबिट कार्डावरून ऑर्डर केली. मशीन आली, पण टाके सोडत होती. रमजान तोंडावर, ईदचे कपडे शिवायचे दिवस. मशीन परत करायची आणि पैसे आले की सोलापूरला जाऊन दुकानातून दुसरी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. ३ मार्चला कुरिअरवाला मशीन घेऊन गेला आणि ७ मार्चला अ‍ॅपवर 'रिफंड पूर्ण' झळकलं. खात्यात मात्र काही नाही.

मी खालांना माझ्याकडचे पैसे देऊ केले. त्या म्हणाल्या, "नक्को बेटा. कंपनी दी तो दे. तेरे घर में बी रमजान है." पण तरावीहला जाताना त्यांचं दार वाटेत लागायचं आणि त्या विचारायच्या, "आए क्या?" अमानत म्हणजे काय हे वर्गात शिकवणं वेगळं आणि रोज त्या दारावरून जाणं वेगळं.

कंपनीने पाच ते सात कामकाजाचे दिवस सांगितले होते. हे दिवस बँकेचे मोजायचे असतात. ८ मार्च दुसरा शनिवार, ९ रविवार, १४ ला धुळवड, १६ पुन्हा रविवार. म्हणजे सातवा दिवस १८ मार्चला पडला. त्याआधी भांडून उपयोग नसतो, समोरचा माणूस तेच वाक्य वाचून दाखवतो. त्यानंतर मात्र थांबू नये.

कस्टमर केअरने आधी इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा एक 'रिफंड आयडी' दिला. तो कंपनीच्या स्वतःच्या वहीतला नंबर आहे, बँकेला त्याचा काडीचाही उपयोग नाही. बँकेला लागतो तो एआरएन. कार्डावरचा रिफंड निघतो तेव्हा दुकानदाराची बँक त्या व्यवहाराला हा तेवीस आकडी नंबर लावते आणि कार्ड नेटवर्कमधून पुढे पाठवते. मी चॅटवर तीन वेळा तेच लिहिलं: रिफंड आयडी नको, तेवीस आकडी एआरएन द्या. संध्याकाळी ईमेल आला.

हा नंबर वाचता येतो, हे मला आवडलं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नंबरात पहिला आकडा सोडून पुढचे सहा दुकानदाराच्या बँकेची ओळख असतात. त्यानंतरचे चार म्हणजे तारीख. माझ्याकडे तिथे ५०६६ होतं. ५ म्हणजे २०२५ आणि ०६६ म्हणजे वर्षाचा सहासष्टावा दिवस. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, वर सात: ७ मार्च. म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. पैसे त्यांच्याकडून खरोखर निघाले होते आणि आता शोध माझ्या बाजूच्या बँकेत घ्यायचा होता. नंबर मिळालाच नसता, किंवा त्यातली तारीख भलतीच निघाली असती, तर भांडण कंपनीशी राहिलं असतं.

१९ मार्चला शाखेत गेलो. काउंटरवरच्या ताईंनी खातं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, एंट्रीच नाही. पैसे आलेच नाहीत." त्यांचं चुकीचं नव्हतं. शाखेच्या संगणकावर खात्यातल्या नोंदी दिसतात. कार्डाचे व्यवहार मात्र मुख्य कार्यालयाचा कार्ड विभाग हाताळतो आणि एआरएन तिथेच शोधता येतो. एंट्री नसणं आणि पैसे बँकेपर्यंत न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुवा होता कार्डाच्या मुदतीत. ऑर्डर ज्या कार्डावरून केली त्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपली आणि बँकेने नवीन कार्ड पाठवलं, नवीन नंबराचं. रिफंड मूळ व्यवहाराच्या कार्डावरच जातो, म्हणजे जुन्या नंबरावर. बहुतेक वेळा बँक जुना नंबर खात्याशी जोडून पैसे आपोआप जमा करते. इथे ते जोडलं गेलं नव्हतं. म्हणून अर्जात मी इतकंच लिहिलं: खाते क्रमांक, जुन्या आणि नव्या कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे, मूळ खरेदीची तारीख व रक्कम, रिफंडची तारीख व रक्कम, एआरएन, आणि 'जुने कार्ड मुदत संपून बदलले आहे' हे वाक्य. सोबत कंपनीच्या ईमेलची प्रत. ताईंनी अर्ज कार्ड विभागाला पाठवला आणि तक्रार क्रमांक दिला.

स्टाफरूममध्ये यावर वेगळीच चर्चा. एक सहकारी म्हणाले, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये मिळतात. दुसऱ्यांनी लगेच विचारलं, मग ते सूद झालं की नाही? वाद रंगला, पण मुळातच तो नियम आमच्या कामाचा नव्हता. २० सप्टेंबर २०१९ च्या त्या परिपत्रकातले शंभर रुपये फसलेल्या व्यवहारासाठी आहेत, म्हणजे खात्यातून पैसे कापले गेले पण दुकानदाराला पेमेंट झाल्याची खबरच पोहोचली नाही, अशा वेळी. आमचा व्यवहार पूर्ण झाला होता, वस्तू नंतर परत गेली. बँकेत जाऊन शंभर रुपयांवरून आवाज चढवला असता तर मूळ ६,४८० बाजूलाच राहिले असते.

२४ मार्चला सोमवारी दुपारी मेसेज आला. ताईंनी फोनवर सांगितलं की जुनं कार्ड बंद दिसत असल्याने रक्कम न जुळलेल्या नोंदींत पडून होती. स्टेटमेंटमध्ये कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, मधल्या पेमेंट कंपनीचं नाव होतं. म्हणून रिफंड शोधताना दुकानाच्या नावाने नाही, रकमेने शोधावा. दुसऱ्या दिवशी खाला सोलापूरला गेल्या. ईद ३१ ला होती.

तेव्हापासून लोक फोन घेऊन येतात, त्यामुळे थोडं आणखी. यूपीआयने पैसे दिले असतील तर एआरएन नसतो, बारा आकडी आरआरएन मागायचा. बरेच जण त्यालाच यूटीआर म्हणतात. आणि रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच येतो. फोनवर दोन खाती जोडलेली असली तर दोन्ही बघा. क्रेडिट कार्डाचा रिफंड बचत खात्यात येतच नाही, कार्डाच्या बिलातून वजा होतो. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. कंपनीच नंबर देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, अ‍ॅपच्या आतूनच घ्या. रिफंड अडकलेल्या माणसाचीच वाट बघत बसलेले लोक तिकडे असतात. ते स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतात किंवा पिन मागतात. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.