हप्ता सुरू होण्याचा आदला दिवस

सांगली

चि. मुक्ता,


इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. कर्ज मंजूर झालंय आणि ‘पाच वर्षं एक पैसाही भरायचा नाही’ असं बँकेत सांगितल्यामुळे दाजी निर्धास्त आहेत, हेही कळलं. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाची खाती माझ्याकडे असायची, म्हणून या पाच वर्षांबद्दल तुलाच लिहितोय. कर्ज फेडायचंय तुला.

शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक, या काळात हप्ता नसतो. त्याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून चढायला लागतं. तुझं कर्ज सहा लाखांचं, दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख जाणार. व्याजदर १० टक्के धरू. दीड लाखाचं वर्षाचं व्याज पंधरा हजार. पहिल्या दीड लाखावर ते पाच वर्षं चढेल, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण चौदा वेळा पंधरा हजार, म्हणजे २,१०,००० रुपये.

पाच वर्षं संपली की ही रक्कम मुद्दलात मिळवली जाते आणि तुझं कर्ज ८,१०,००० होतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १०,७०४ रुपयांचा हप्ता बसेल. नुसत्या सहा लाखांवर तो ७,९२९ बसला असता. फरक २,७७५ रुपयांचा. पहिल्या पगारात तो जाणवेलच, पण १२० महिन्यांची बेरीज केलीस तर ३,३३,००० रुपये होतात. दोन लाख दहा हजारांचं व्याज मुद्दलात गेलं, त्यावर पुन्हा दहा वर्षं व्याज लागलं, म्हणून ते एवढं झालं.

आता नीट लक्ष दे, कारण इथे बरेच पालक घाईनं चुकीचं ठरवतात. बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मोरॅटोरियमच्या काळात सरळ व्याज लावायचं असतं. म्हणजे साठलेल्या व्याजावर व्याज नाही. तुझ्या कर्जाला हा नियम असेल, तर पहिल्या वर्षी भरलेले एका महिन्याच्या व्याजाचे १,२५० रुपये आणि पाचव्या वर्षाअखेरीस भरलेले १,२५० रुपये यांचा परिणाम सारखाच. मुदत संपण्याआधी साठलेलं सगळं व्याज चुकतं केलंस की झालं. मग दाजींनी दर महिन्याला जमेल तेवढी आरडी करावी आणि पाचव्या वर्षी ती मोडून व्याज भरावं. आरडीचं व्याज आपल्या घरात राहतं. मात्र काही बँका शिक्षण चालू असताना नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. तुझ्या हिशेबात ती पाच वर्षांत २१,००० रुपयांपर्यंत जाते. अशी सवलत मिळत असेल तर मी दरमहा भरण्याच्याच बाजूचा आहे. आरडी घरातल्या एखाद्या अडचणीत मोडली जाते, हे मी फार पाहिलंय. मात्र व्याज भरायला पतसंस्थेचं महाग कर्ज कुणीही काढू नये.

पण सगळ्याच ठिकाणी सरळ व्याज नसतं. न भरलेलं व्याज दर महिन्याला किंवा दर वर्षाला मुद्दलात मिळवण्याची अट काही कर्जांत असते. तुझ्याच कर्जात ते वर्षाला मिळवलं, तर पाच वर्षांनी ८,१०,००० ऐवजी सुमारे ८,४२,३०० उभे राहतील. तिथे मात्र व्याज त्या त्या वेळी भरण्यातच शहाणपण.

महिन्याचं चक्रवाढ खातेउताऱ्यावरून ओळखता येतं. डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही महिने ३१ दिवसांचे. मधे नवी उचल झालेली नसेल आणि दर बदललेला नसेल, तर दोन्ही महिन्यांचं व्याज सारखं यायला हवं. दीड लाखावर ते साधारण १,२७४ रुपये येईल. जानेवारीचं दहा-अकरा रुपयांनी जास्त दिसलं, तर व्याजावर व्याज चढतंय. वर्षाचं चक्रवाढ मात्र असं दिसत नाही, त्यासाठी मंजुरीपत्रातली अटच वाचावी लागते.

आणखी एक. शेवटच्या वर्षी बँकेकडून हप्ता कोणत्या तारखेपासून सुरू होणार आणि त्याआधी किती व्याज साठलंय, हे लेखी घे. पैसे भरताना ते व्याजापोटी जमा झाल्याची पावती बघ. तारीख उलटून गेल्यावर भरलेली रक्कम वाया जात नाही, कारण कर्ज तेवढं कमी होतं. पण हप्ता आपोआप कमी होईल असं समजू नकोस, तो नव्यानं बसवून मागावा लागतो.

मंजुरीपत्राच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. व्याजाची अट सरळ आहे की चक्रवाढ, सवलत आहे की नाही, हे मी वाचून कळवतो. मग दाजींशी आरडीचं बोलू.

ताई-दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा